फेब्रुवारी खरंच पडला का? बारा महिन्यांच्या विक्रीसाठी लाइन चार्ट की बार चार्ट

पत्र

ताई, नमस्कार. वर्षभराच्या विक्रीचा अहवाल मला बैठकीत मांडायचा आहे. आमची विक्री आठवड्याचे सातही दिवस चालू असते. जानेवारी ते डिसेंबर विकले गेलेले नग असे आहेत: 4,210, 3,860, 4,330, 4,270, 4,480, 4,390, 4,560, 4,620, 4,470, 4,700, 4,590 आणि 4,810. आधी मी लाइन चार्ट काढला, तर रेषा करवतीसारखी वरखाली झाली. साहेबांनी लगेच विचारलं, "फेब्रुवारीत काय झालं? एप्रिल, जून, सप्टेंबरला का घसरलो?" मला उत्तर देता आलं नाही. मग बार चार्ट करून पाहिला, तर सगळे बार जवळपास सारखेच दिसतात. सहकारी म्हणतो, अक्ष 3,500 पासून सुरू कर, म्हणजे फरक उठून दिसेल. मी लाइन घेऊ की बार? आणि अक्षाचं काय करू?

उत्तर

तुमच्या या बैठकीसाठी लाइन चार्ट घ्या, पण त्यात महिन्याची एकूण विक्री ठेवू नका. दर दिवसाची सरासरी विक्री ठेवा. एकूण विक्रीचा बार चार्ट हवाच असेल तर तो वेगळा काढा, त्याचा अक्ष शून्यापासूनच सुरू करा आणि बार सारखे दिसतात म्हणून खंत करू नका.

आता कारणं सांगते. सुरुवात साहेबांच्या प्रश्नापासून करू, कारण चार्ट कोणता हे त्या प्रश्नावरच ठरतं.

तुमच्या आकड्यांत घसरण कुठे कुठे दिसते ते बघा: फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर. वर्षात 31 पेक्षा कमी दिवसांचे महिने एवढेच आहेत. तुमची विक्री रोज चालते, त्यामुळे महिन्यात एक दिवस कमी मिळाला की साधारण एका दिवसाची विक्री कमी होणारच. ऑगस्टमध्ये 4,620 नग गेले आणि सप्टेंबरमध्ये 4,470. फरक 150 नगांचा आहे, आणि त्या काळात तुमची एका दिवसाची विक्री 149 च्या आसपास होती. म्हणजे सप्टेंबरची ती "घसरण" म्हणजे कॅलेंडरमधला एक दिवस.

फेब्रुवारीचं उदाहरण याहून बोलकं आहे. जानेवारीपेक्षा फेब्रुवारीत दिवस जवळपास 10 टक्क्यांनी कमी, आणि तुमची विक्री मात्र 8 टक्क्यांच्या थोडी वर कमी झाली. दिवस जितके कमी झाले तितकी विक्री कमी झाली नाही, म्हणजे दर दिवसाची विक्री उलट वाढली. साहेबांनी ज्या महिन्यावर बोट ठेवलं तो महिना चांगला गेला होता.

प्रत्येक महिन्याच्या आकड्याला त्या महिन्यातल्या दिवसांनी भागलं तर, पूर्णांकात, हे मिळतं: 136, 138, 140, 142, 145, 146, 147, 149, 149, 152, 153, 155. करवतीचे दात गेले. जानेवारीतल्या रोजच्या 136 नगांपासून डिसेंबरच्या 155 पर्यंत, म्हणजे सुमारे 14 टक्के, वाढत गेलेली रेषा उरली.

एक्सेलमध्ये यासाठी एक स्तंभ वाढवायचा. A मध्ये महिन्याची पहिली तारीख आणि B मध्ये नग असतील तर C2 मध्ये हे लिहा आणि खाली ओढा:

```
=B2/DAY(EOMONTH(A2,0))
```

`EOMONTH` त्या महिन्याची शेवटची तारीख देतं आणि `DAY` त्यातून 28, 30 किंवा 31 काढतं. लीप वर्ष असेल तर 29 आपोआप येतं. A मध्ये खरी तारीख असणं मात्र गरजेचं आहे. तिथे नुसता "जानेवारी" असा मजकूर असेल तर सूत्र उत्तराऐवजी `#VALUE!` ही त्रुटी दाखवेल. तुमचं काम शनिवार-रविवारी बंद राहत असतं तर मी सगळ्या दिवसांऐवजी कामाच्या दिवसांनी भागायला सांगितलं असतं, कारण तेव्हा 31 दिवसांच्या दोन महिन्यांतही कामाचे दिवस वेगवेगळे असू शकतात. तुमच्या बाबतीत त्याची गरज नाही.

आता लाइन की बार. या दोन चार्टमध्ये डोळा वेगवेगळ्या गोष्टी मोजतो. बारमध्ये तो लांबी मोजतो: हा बार त्या बारच्या किती पट आहे. रेषेत तो चढ आणि उतार मोजतो: इथे जोरात चढली, इथे सपाट झाली. म्हणून एकाच कोष्टकाचे दोन चार्ट दाखवले की लोक दोन वेगळी वाक्यं बोलतात. जेफ झॅक्स आणि बार्बरा ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमकं हेच दिसलं. बार पाहणारे लोक "हे त्यापेक्षा जास्त आहे" असं वर्णन करत होते आणि रेषा पाहणारे "हे वाढत जातं" असं. पुरुष आणि स्त्रिया या दोनच गटांची उंची रेषेने जोडून दाखवली, तेव्हा काही जणांनी तिथेही चढाचीच भाषा वापरली, जणू एका गटातून दुसऱ्या गटात हळूहळू जाता येतं. चार्टच्या आकाराने वाक्य आधीच ठरवून टाकलं होतं.

तुमच्या बैठकीत कोणतं वाक्य बोललं जायला हवं? साहेबांनी "का घसरलो" असं विचारलं, म्हणजे त्यांना वर्षाची चाल समजून घ्यायची आहे. चाल रेषेत दिसते. त्यात बारा महिन्यांना ठरलेला क्रम आहे आणि ते एकमेकांना लागून येतात, त्यामुळे ठिपके रेषेने जोडण्यात गैर काही नाही. हीच विक्री बारा शाखांची असती तर रेषा चुकीची ठरली असती, कारण एका शाखेकडून दुसऱ्या शाखेकडे "चढत" जाणं याला काहीच अर्थ नाही.

हा फरक चार्टच्या जन्मापासूनचा आहे. विल्यम प्लेफेअरने 1786 मध्ये व्यापाराच्या आकड्यांचे आलेख छापले, तेव्हा इंग्लंडच्या आयात-निर्यातीची अनेक वर्षांची आकडेवारी त्याने रेषांनी दाखवली. स्कॉटलंडसाठी मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते, तेही वेगवेगळ्या देशांशी झालेल्या व्यापाराचे. काळ नसल्यामुळे रेषा काढता येईना, म्हणून त्याने प्रत्येक देशासाठी बार काढले. त्याला स्वतःला तो आलेख कमी उपयोगाचा वाटत होता, कारण त्यात काळ दिसत नव्हता. तुमच्याकडे काळ आहे, फक्त तो बारा तुकड्यांत आहे, आणि म्हणून तुमच्याबाबतीत दोन्ही चार्ट नियमात बसतात. मग निवड करायची ती प्रश्न पाहून.

बार घ्यावा असा प्रश्नही असतोच. साठा सांभाळणारी व्यक्ती विचारते, "मार्चमध्ये एकूण किती नग लागले?" तिला दर दिवसाच्या सरासरीचा उपयोग नाही. गोदामातून 4,330 नग बाहेर पडले, हे तिला हवं आहे. महिन्याचं उद्दिष्ट गाठलं की नाही, हाही बारचाच प्रश्न: प्रत्येक बारवर उद्दिष्टाची एक आडवी छोटी रेघ मारली की कोणते महिने तिच्यावर गेले ते लगेच कळतं. महिन्याची विक्री ही त्या महिन्यात जमा झालेली बेरीज असते, आणि बेरजेला बार शोभतो, कारण बार म्हणजे एवढा ढीग जमला असं थेट दाखवणं. रेषेत मात्र जानेवारी आणि फेब्रुवारीच्या ठिपक्यांच्या मधल्या जागेला कोणताच आकडा नसतो. ती फक्त नजरेला पुढच्या ठिपक्याकडे नेते.

आता सहकाऱ्याच्या सूचनेकडे येऊ. अक्ष 3,500 पासून सुरू करायचा हा बेत बार चार्टमध्ये अजिबात अमलात आणू नका. आकडे मांडून बघा. डिसेंबरचे 4,810 नग फेब्रुवारीच्या 3,860 च्या सव्वापट आहेत. अक्ष शून्यापासून असेल आणि डिसेंबरचा बार 10 सेंटिमीटर उंच असेल, तर फेब्रुवारीचा बार 8 सेंटिमीटर येतो. हे खरं प्रमाण. अक्ष 3,500 पासून घेतला की बारची उंची उरते ती 3,500 च्या वरच्या भागाची: डिसेंबरचे 1,310 आणि फेब्रुवारीचे 360. डिसेंबरचा बार आता फेब्रुवारीच्या साडेतीन पटींहून उंच दिसतो. अक्षावर 3,500 हा आकडा छापलेला असला तरी बघणाऱ्याचा डोळा लांबीच मोजतो आणि त्याला विक्री तिपटीहून जास्त झाल्यासारखी वाटते. तुमच्या साहेबांना फेब्रुवारी आधीच पडलेला वाटतोय. हा चार्ट पाहून तो कोसळल्यासारखा वाटेल, आणि तुम्हाला पुन्हा एकदा अशा गोष्टीचं कारण द्यावं लागेल जी घडलीच नाही.

बार सारखे दिसतात, ही तुमची तक्रार मला समजते. पण ते सारखे दिसतात कारण महिन्यांची विक्री खरंच एकमेकींच्या जवळ आहे. ही माहितीच आहे, चार्टचा दोष नाही. फरक वाचता यावा म्हणून प्रत्येक बारच्या डोक्यावर आकडा लिहा आणि मागच्या आडव्या रेघा काढून टाका. बारा आकडे सहज मावतात. एक्सेलमध्ये बारांमधली फट मुळात बरीच रुंद असते. ती `Gap Width` मधून 50 ते 60 टक्क्यांपर्यंत आणली की बार शेजारी येतात आणि उंचीतला फरक थोडा बरा कळतो. शिवाय बार उभेच ठेवा. एक्सेलच्या यादीत त्यांचं नाव `Column` आहे. `Bar` निवडलं तर बार आडवे येतात आणि महिने वरून खाली किंवा खालून वर जातात. काळ डावीकडून उजवीकडे वाचायची सवय असलेल्या डोळ्याला ते जड जातं.

रेषेला शून्याची सक्ती नाही, कारण तिथे डोळा लांबी मोजत नसून चढ-उतार मोजतो. दर दिवसाच्या सरासरीची रेषा शून्यापासून काढली तर 136 ते 155 हा सगळा प्रवास चार्टच्या वरच्या टोकाला दाबला जाईल आणि त्यातलं काहीच दिसणार नाही. उभा अक्ष 130 ते 160 ठेवा. पण एवढी मोकळीक घेतली की जबाबदारीही येते. अक्ष जितका आवळाल तितका चढ उभा दिसतो, आणि 14 टक्क्यांची वाढ घाईत पाहणाऱ्याला दुप्पट वाटू शकते. म्हणून रेषेच्या पहिल्या टोकाला 136 आणि शेवटच्या टोकाला 155 हे आकडे ठळक लिहा, आणि शीर्षकातच सांगा: "दर दिवसाची सरासरी विक्री: वर्षात सुमारे 14 टक्के वाढ". आकडा डोळ्यासमोर असला की चढाचा भ्रम टिकत नाही. अक्ष 130 पासून आहे हेही एका ओळीत खाली लिहा. एक्सेलवर हे सोपवू नका. आकडे एकमेकांजवळ असले की ते स्वतःहून अक्ष शून्याच्या वर सुरू करतं, आणि बार असले तरी थांबत नाही. `Format Axis` मध्ये जाऊन `Minimum` आणि `Maximum` तुम्हीच टाका: बारसाठी खालचा आकडा 0, रेषेसाठी 130.

आता खरी गंमत. ही रेषा नीट पाहिली की तिच्यात एक प्रश्न दडलेला दिसतो, जो तुमच्या पहिल्या चार्टमध्ये कुणालाच दिसला नाही. मार्च ते जून या तीन महिन्यांत रोजची विक्री सहा-सात नगांनी वाढली. सप्टेंबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पुन्हा सहा नगांनी. पण मधल्या काळात, जून ते सप्टेंबर, ती जेमतेम तीन नगांनी वाढली, आणि ऑगस्ट ते सप्टेंबर तर जागच्या जागी राहिली. वर्षात कुठे काही वेगळं घडलं असेल तर ते इथे. एकूण विक्रीच्या चार्टमध्ये नेमका हाच काळ सर्वांत छान दिसतो, कारण जुलै आणि ऑगस्ट हे 31 दिवसांचे लागोपाठ येणारे महिने आहेत: 4,560 आणि 4,620, सरळ वरती. वेग मंदावलेला असताना चार्ट भरभराट दाखवत होता आणि चांगल्या फेब्रुवारीवर मात्र सगळ्यांचं बोट होतं.

बैठकीत मी तुमच्या जागी असते तर आधी हा रेषेचा चार्ट दाखवला असता आणि जून ते सप्टेंबरच्या भागावर थांबले असते. साहेबांच्या फेब्रुवारीच्या प्रश्नाला "तीन दिवस कमी होते, रोजची विक्री 136 वरून 138 झाली" एवढं उत्तर पुरे. मग मधल्या संथ काळाबद्दल तुम्ही त्यांना विचारू शकता: पुरवठा अडला होता का, माणसं कमी होती का, की एखादी मोठी मागणी गेली? चार्ट कारण सांगत नाही, पण कारण कुठे शोधायचं ते सांगतो. आणि एक मर्यादा इथेच नोंदवा. एकाच वर्षाच्या आकड्यांवरून हा संथपणा दरवर्षीच येतो की यंदाच आला, हे कळणार नाही. त्यासाठी मागच्या वर्षाचे बारा आकडे लागतील. ते मिळाले तर त्याच चार्टवर फिक्या रंगाची दुसरी रेषा काढा. 24 बार शेजारी शेजारी उभे करण्याच्या फंदात पडू नका. त्या गर्दीत दोन वर्षांच्या चालीतला फरक शोधत बसावं लागतं, दोन रेषांत तो आपोआप दिसतो.

एकाच चार्टवर त्याच आकड्यांचे बार आणि त्यांच्या डोक्यावरून जाणारी रेषा, असा जोडचार्ट हल्ली फार दिसतो. तो टाळा. दोन्ही एकच गोष्ट सांगतात आणि बघणारा मात्र दोन वेगळ्या गोष्टी शोधत बसतो. एकूण नगांचे बार आणि दर दिवसाच्या सरासरीची रेषा एकत्र घातली तर आणखी घोळ होतो, कारण मग डावीकडे एक अक्ष आणि उजवीकडे दुसरा लागतो, आणि त्या दोन्हींचं माप तुम्ही ठरवाल तशी रेषा बारांच्या वर किंवा खाली सरकते. दोन प्रश्न असतील तर दोन चार्ट, एकाखाली एक.

रेषा काढताना प्रत्येक महिन्यावर ठिपका ठेवा, म्हणजे खरा आकडा कुठे आहे ते कळेल. एक्सेलमधला `Smoothed line` हा पर्याय बंदच ठेवा. तो ठिपक्यांमधून गोलाकार वळणं काढतो आणि कधी कधी दोन महिन्यांच्या मध्ये असं शिखर किंवा असा खड्डा दाखवतो, जो तुमच्या आकड्यांत कुठेच नाही.

शेवटी पुढच्या वर्षासाठी एक गोष्ट, कारण हा चार्ट तुम्ही दर महिन्याला भरत जाल असं वाटतं. वर दिलेलं सूत्र बारा ओळींत ओढून ठेवलंत आणि पुढच्या महिन्यांचे नग अजून भरलेले नसले, तर रिकाम्या खान्याला भागून ते 0 देईल, आणि चालू महिन्यानंतर रेषा थेट तळाला कोसळेल. त्याऐवजी हे वापरा:

```
=IF(B2="",NA(),B2/DAY(EOMONTH(A2,0)))
```

आता न भरलेल्या महिन्यात `#N/A` येईल आणि रेषा शेवटच्या भरलेल्या महिन्याशी थांबेल. महिना अर्धाच झाला असेल तर त्याचे नग भरूच नका. पंधरा दिवसांची विक्री 30 ने भागली की तीही कोसळलेलीच दिसते. महिना संपला, हिशोब पक्का झाला, की मग तो ठिपका चार्टवर येऊ द्या.